पाचानंतर दोन

शून्य ते पाच मोजायला मी बालवाडीत शिकले. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी तेच काम तीन फ्लिप-फ्लॉपकडून, म्हणजे एकेक ० किंवा १ लक्षात ठेवणाऱ्या सर्किटांकडून, करून घ्यायचं होतं, आणि त्यापेक्षा बालवाडीतली पोरं परवडली असं म्हणायची वेळ आली. पोरं निदान पाचानंतर सहा म्हणतात. आमचा काउंटर पाचानंतर दोन म्हणाला.

जर्नलमध्ये प्रॅक्टिकलचं नाव मात्र भारदस्त होतं : ‘जेके फ्लिप-फ्लॉप वापरून मॉड-६ सिंक्रोनस काउंटरची रचना’. अर्थ एवढाच की ० ते ५ मोजायचं आणि पुन्हा शून्यावर यायचं. डिजिटल घड्याळात मिनिटांचा डावीकडचा आकडा दिवसभर हेच करतो. ५९ नंतर ६० उमटत नाही ते त्याच्यामुळे. सहा अवस्थांना तीन बिट लागतात, तीन बिटांना तीन फ्लिप-फ्लॉप. ७४७६ या आयसीत दोन-दोन असतात, म्हणून दोन आयसी. चौथा फ्लिप-फ्लॉप नुसता बसून.

कागदावरचा भाग माझ्याकडे आला, वायरिंग ओंकारकडे. ही वाटणी त्यानेच केली, कारण त्याला एक्सायटेशन टेबल हा शब्द ऐकूनच घाम फुटायचा. खरं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त प्रश्न उलटा आहे. फ्लिप-फ्लॉपचं नेहमीचं टेबल सांगतं की J आणि K ला अमुक दिलं तर तो काय करील : दोन्ही ० असले तर आहे तसा राहील, एकटा J १ असला तर सेट होईल, एकटा K १ असला तर रिसेट होईल, आणि दोन्ही १ असले तर उलटेल. एक्सायटेशन टेबल विचारतं : हा आत्ता ० आहे, पुढच्या क्लॉकला, म्हणजे पुढच्या टिकटिकीला, १ व्हायला हवाय, तर J-K ला काय देऊ? J ला १ द्यायचा हे सरळ आहे. आणि K ला? काहीही चालेल. K ० असला तर हा सेट होऊन १ होईल, K १ असला तर उलटून १ होईल. एकूण एकच. या ‘काहीही चालेल’साठी टेबलात X मांडतात.

आमच्या घरी ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या पाहुण्याला काय काय चालत नाही ते ताट वाढल्यावर कळतं. त्यामुळे X वर विश्वास बसायला मला वेळ लागला. पण हा पाहुणा खरा निघाला. ०चा ० राहायचा असेल तर J=0 आणि K=X. ०चा १ : J=1, K=X. १चा ० : J=X, K=1. १चा १ : J=X, K=0. चारही प्रसंगी दोघांपैकी एकाला काहीही चालतं. या चार ओळी हाताशी घेतल्या की स्टेट टेबल भरणं म्हणजे कारकुनी. डावीकडे आत्ताची अवस्था, मध्ये पुढची, आणि प्रत्येक बिटाकडे स्वतंत्र बघून J-K लिहीत जायचं :

```
Q2 Q1 Q0   next   J2 K2  J1 K1  J0 K0
0  0  0    001    0  X   0  X   1  X
0  0  1    010    0  X   1  X   X  1
0  1  0    011    0  X   X  0   1  X
0  1  1    100    1  X   X  1   X  1
1  0  0    101    X  0   0  X   1  X
1  0  1    000    X  1   0  X   X  1
```

निम्म्या टेबलात X. जर्नल तपासताना सर म्हणाले, “हे भरलंय की सोडून दिलंय?” भरलंच होतं. शिवाय ६ आणि ७ या अवस्था काउंटर कधी गाठणारच नाही, म्हणून के-मॅपमध्ये, म्हणजे टेबलावरून छोटी समीकरणं काढायच्या चौकटीत, त्यांच्या घरांतही X. के-मॅपला X मिळाले की तो उदार होतो; X ला सोयीनुसार १ धरायचं, नाहीतर ०. शेवटी हाती एवढंच राहिलं, Q2' म्हणजे Q2 च्या उलट, आणि मधला ठिपका म्हणजे अँड, दोन्ही १ असले तरच १ :

```
J0 = 1        K0 = 1
J1 = Q2'·Q0   K1 = Q0
J2 = Q1·Q0    K2 = Q0
```

फक्त दोन अँड गेट. ७४०८ मध्ये चार असतात, म्हणजे तिथेही दोन बसून. इतक्या कमी सामानात काम होतंय हे पाहून ओंकारचा चेहरा उजळला आणि त्याने ब्रेडबोर्ड पुढे ओढला.

सोळा पिनांच्या आयसीला पॉवर कुठे द्यायची हे आमच्या बॅचमध्ये झोपेतही सांगता यायचं : सोळाला प्लस, आठला ग्राउंड. ओंकारने वायर सोळाजवळ नेली तसे लॅबचे काका मागून म्हणाले, “पाच-तेरा.” ७४७६ मध्ये +५ व्होल्ट पाचव्या पिनवर आणि ग्राउंड तेराव्यावर. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला आपल्या पश्चात लॅबमध्ये काय काय बोललं जाईल याची कल्पना नसावी. काका तेवढं बोलून पुढच्या टेबलाकडे गेले. तिथूनही ‘पाच-तेरा’ ऐकू आलं. प्रीसेट आणि क्लिअर हे शून्याने चालतात, म्हणून ते प्लसला बांधले. तीन आउटपुटना तीन एलईडी, प्रत्येकाला रेझिस्टर.

क्लॉकसाठी ओंकारने साधं पुश बटण लावलं. दाबलं की एक आकडा पुढे, अशी अपेक्षा. ०, ३, ४, १. पुन्हा क्लिअर करून दाबलं तर ०, १, ४, ५. दरवेळी वेगळीच उडी. ओंकार सगळ्या वायरी उपटायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला, कारण वायर चुकली असती तर काउंटर दरवेळी त्याच ठिकाणी आणि तसाच चुकला असता. इथे क्रम बरोबर होता, फक्त मधले आकडे गळत होते. दोष बटणाचा. त्याची पत्ती टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, आपल्याला ते एकच दाबणं वाटतं, पण नॅनोसेकंदांत हलणाऱ्या फ्लिप-फ्लॉपला त्यात चांगल्या दोन-तीन टिकटिका ऐकू येतात. बटण काढून ट्रेनर किटचा १ हर्ट्झचा क्लॉक लावला, तो मिळवण्यासाठी शेजारच्या बॅचशी झालेला संवाद इथे देत नाही.

आता सगळं संथ आणि स्पष्ट दिसू लागलं. ०, १, २, ३, ४, ५, २.

“डोळ्यांत काहीतरी गेलं असेल,” ओंकार म्हणाला. ३, ४, ५, २. ३, ४, ५, २. शून्य आणि एक या आकड्यांशी काउंटरने संबंधच तोडले होते. आणि दरवेळी पाचानंतर दोनच, म्हणजे आता खरंच वायर.

वायरी पुन्हा पहिल्यापासून तपासण्यापेक्षा मी टेबलाकडे बघितलं. ५ म्हणजे 101. पुढे 000 हवं होतं, मिळालं 010. पहिला आणि तिसरा बिट शहाण्यासारखे शून्य झाले होते. बिघडला होता फक्त मधला, Q1 : तो ०चा ० राहायला हवा होता आणि १ झाला होता. ०चा १ व्हायचा तर J1 ला १ मिळालेला असणार. पण J1 = Q2'·Q0. पाचाच्या वेळी Q2 एक आहे, म्हणून Q2' शून्य, म्हणून J1 शून्यच यायला हवा. तो १ यायचा एकच मार्ग उरला : अँड गेटला Q2' पोचतच नाहीये.

ओंकारने ती वायर बोटाने हलवली आणि ती अलगद हातात आली. ब्रेडबोर्डचं ते भोक कित्येक बॅचेसनी वापरून सैल झालं होतं. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की वायरच नसेल तर तिथे शून्य जायला हवं ना? टीटीएलमध्ये, म्हणजे आमच्या या आयसींच्या घराण्यात, तसं होत नाही. मोकळी सोडलेली इनपुट तिथे १ धरली जाते. म्हणजे अँड गेटला एका बाजूने कायमचा १, दुसऱ्या बाजूने Q0, आणि J1 झाला नुसता Q0. हे समीकरण घेऊन कागदावर शून्यापासून चालून बघितलं : ० ते ५ सगळं सुरळीत, कारण एक आणि तीन या आकड्यांना Q2' नाहीतरी १च असतो, आणि चाराला Q0 शून्य असल्याने काही बिघडत नाही. फक्त पाचाला फरक पडतो, आणि तिथून थेट दोन. सर्किट मेहनतीने आणि अगदी नियमाने चुकत होतं. वायर शेजारच्या घट्ट भोकात खोचली आणि पाचानंतर शून्य आलं. ओंकारने टाळी मागितली. मी दिली, पण बोर्डापासून लांब जाऊन.

एक्सटर्नल सरांनी पूर्ण एक फेरी बघितली, मान हलवली आणि चालू सर्किटकडे बोट करून विचारलं, “पॉवर दिल्यावर हा सहावर उभा राहिला तर?”

ओंकार म्हणाला, “सर, सहा येतच नाही.”

“मोजताना येत नाही. जागा होताना कोण कुठे जागा होईल सांगता येतं का?”

येत नाही, आणि मुद्दा खरा होता. पॉवर दिली की फ्लिप-फ्लॉप वाटेल त्या अवस्थेत उठतात. ६ आणि ७ च्या घरात आपण X लिहिले, पण के-मॅपने गट करताना त्या प्रत्येक X चं ० किंवा १ करून टाकलेलं असतं. काय केलं ते समीकरणांना विचारायचं. ६ म्हणजे 110. Q0 उलटून १ होणार. Q0 आत्ता शून्य आहे, म्हणून J1, K1, J2, K2 सगळे ०. बाकीचे दोघे जागच्या जागी. झाले 111, म्हणजे ७. आता Q0 उलटून ०. J1 शून्य, K1 एक, म्हणून Q1 रिसेट. J2 आणि K2 दोन्ही एक, म्हणून Q2 उलटून ०. सहा, सात, शून्य. दोन क्लॉकमध्ये गाडी रुळावर. सरांनी विश्वास न ठेवता किटचा क्लॉक थांबवला, क्लिअर केलं, Q2 आणि Q1 च्या प्रीसेटला ग्राउंडची वायर टेकवली, 110 आणलं आणि क्लॉक सोडला. सहा, सात, शून्य. प्रत्येक डिझाइन असं सुदैवी नसतं, हेही त्यांनी सांगितलं. काहींमध्ये न वापरलेल्या अवस्था एकमेकींकडेच फिरत बसतात आणि मग क्लिअर केल्याशिवाय सुटका नाही.

“आता हाच डी फ्लिप-फ्लॉपने करायचा असता तर?”

डीचं एक्सायटेशन टेबल इतकं सोपं की टेबल म्हणायची लाज वाटावी : पुढची अवस्था जी, तीच D. पण त्यामुळेच त्याला ‘काहीही चालेल’ म्हणता येत नाही. त्या सहा ओळींत एकही X नाही, उरतात ते फक्त ६ आणि ७ चे. मी समीकरणं मांडली :

```
D0 = Q0'
D1 = Q2'·Q1'·Q0 + Q1·Q0'
D2 = Q1·Q0 + Q2·Q0'
```

सर म्हणाले, “गेट मोजा.” जसंच्या तसं जोडलं तर दोन इनपुटवाले पाच अँड, म्हणजे एका ७४०८ चे चार पुरत नाहीत. वर दोन ऑर, त्यासाठी ७४३२ वेगळा.

“म्हणजे काकांकडून अजून दोन आयसी आणायचे?” ओंकारने हळूच विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरी भीती होती. आधीच्या ७४०८ च्या वाकलेल्या पिनांचं प्रकरण काकांनी अजून मिटवलेलं नव्हतं.