नाही जमणार भो

जळगावात मे महिन्यात चारचाकी असणं हा गुन्हा आहे आणि तिचा एसी चालू असणं हा दखलपात्र गुन्हा. माझ्या नावावर दोन्ही आहेत. म्हणून आमच्या मित्राचा फोन आला आणि त्याने "काय भो, कुठे आहेस?" असं विचारलं की मी सावध होतो. गप्पा मारायच्या असल्या की तो "काय चाललंय" असं विचारतो. "कुठे आहेस" मध्ये मी किल्लीपासून किती लांब आहे, याची चौकशी असते.

मागणी ठरलेली: भुसावळ स्टेशनवर सोड, पहाटेची गाडी आहे, जळगावला थांबत नाही. "२५ किलोमीटर तर आहे रे!" परतीचे २५ त्याच्या हिशेबात नसतात. तेव्हा तो वरच्या बर्थवर घोरत असतो.

नाही म्हणायचं तर कारण हवं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. पण या माणसापुढे कारण टिकत नाही.

"गाडी गॅरेजला आहे."

"मेस्त्री आपलाच आहे, संध्याकाळी काढून देतो."

"रात्री झोप नाही झाली."

"मी चालवतो, तू मागे झोप."

"पाहुणे आलेत."

"घे की त्यांनाही. भुसावळ बघतील!"

कारण सांगितलं की त्याला तो नकार वाटतच नाही, अडचण वाटते. आणि लोकांच्या अडचणी सोडवायची त्याला भारी हौस. सगळ्या सुटल्या की पहाटे चारला मी तोंड न धुता गिअर टाकत असतो. शिवाय खोटं कारण पुढे सांभाळावं लागतं. त्या न आलेल्या पाहुण्यांची तो आठवडाभर विचारपूस करत होता.

पोराचं प्रकरण वेगळं. "तासभर बघ, बाजारातून येतो" म्हणून सोडलेला मुलगा दिवेलागणीला परत जातो. पोरगं गोड आहे, पण त्याला आमच्या कूलरची ओढ. एकदा बाहेर ४४ डिग्री असताना कूलर एकाएकी गरम हवा फेकायला लागला. मागची गवताची जाळी हात लावून पाहिली तर कोरडी ठणठणीत. पंप सुरू होता, पण पाणी वर चढत नव्हतं. टाकीत हात घातला तर पंपाच्या तोंडाला वेफर्सचं पाकीट चिकटलेलं, त्याखाली माझा चष्म्याचा डबा, आणि डब्यात चष्मा. बायको माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "म्हणा अजून हो."

तरी जीभ अडायची, ती भरितामुळे. दर हिवाळ्यात हा आम्हाला शेतावर नेतो. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. इतकं खाऊन माणूस भुसावळला नाही म्हणणार कसा? पण आठवून पाहिलं, तर त्याने भरिताचा विषय मदत मागताना कधीच काढलेला नाही. ती उधारीची वही मीच लिहीत होतो, व्याजासकट.

म्हणून या मे महिन्यात फोन आला तेव्हा मी फक्त म्हणालो, "नाही जमणार भो."

"का रे?"

"नाही जमणार."

मग शांतता. खरी परीक्षा इथेच असते. ती शांतता भरून काढायला जीभ वळवळते. "बघतो" म्हणावंसं वाटतं, पण आपल्याकडे "बघतो" म्हणजे किती वाजता निघायचं एवढंच बाकी. "पुढच्या वेळी नक्की" म्हणजे तर आगाऊ बुकिंग. मी ओठ दाबून पंख्याकडे बघत बसलो. छातीत धडधड होत होती, ती पंख्याची नव्हती.

"बरं," तो म्हणाला, "मग रात्रीच एसटीने जातो, स्टेशनवर पडतो."

आवाजात रुसवा नव्हता, रागही नव्हता. एवढी वर्षं मी ज्या भूकंपाला भीत होतो, तो "बरं" मध्ये आटोपला.

पण अर्ध्या रात्री त्याच्या वडिलांच्या छातीत दुखलं, तर मी चप्पल न घालता गाडी काढीन. तिथे विचारायचीही गरज नाही. पहाटेच्या गाडीला मात्र एसटी आहे, रिक्षा आहे, आणि पोराला दोन आज्या आहेत.

दुसऱ्या दिवशी भुसावळच्या फलाटावरून त्याचा फोन. गाडी लेट होती आणि त्याला वेळच वेळ होता. मनसोक्त गप्पा मारून शेवटी म्हणाला, "परत येताना घ्यायला..."

"नाही जमणार भो." या वेळी धडधड बरीच कमी.

"माहितीये रे. तुमच्या कॉलनीत अजून कोणाकडे गाडी आहे, ते विचारतोय."

मी क्षणभर विचार केला आणि समोरच्या बंगल्यातल्या भाऊंचं नाव सुचवलं. तेवढी मदत तर मित्राला करायलाच हवी.

"छे," तो म्हणाला, "ते पहिल्यापासून नाही म्हणतात. त्यांनीच तर मला तुझं नाव सांगितलं होतं."