‘मंजुरी आली का?’ हे शंकरपाळ्यात का लिहिलं नाही

हॉस्पिटलात रुग्ण दाखल करण्याच्या प्रक्रियेची मी बीपीएमएनमध्ये काढलेली आकृती पाहून आलेली वाचकाची प्रतिक्रिया:
“आकृती उगाच अवघड केली आहे. रुग्ण हासुद्धा प्रक्रियेतलाच माणूस, मग त्याला लेन न देता बाहेर रिकामा डबा का? विमा डेस्क वॉर्डला फोन करतो, तो तुटक बाण कुठे गेला? आणि ‘मंजुरी आली का? हो/नाही’ असं साधं शंकरपाळं टाकलं असतं तर ते पंचकोनवालं चिन्ह लागलंच नसतं. आमच्या हॉस्पिटलात साध्या फ्लोचार्टवर सगळं चालतं.”

उत्तर:

आधी डब्याबद्दल. बीपीएमएन ही प्रक्रिया चित्रात मांडायची चिन्हपद्धती. तिच्यात एका मोठ्या डब्यात, म्हणजे पूलमध्ये, एकाच्याच ताब्यातली प्रक्रिया असते. लेन म्हणजे त्या ताब्यातल्या कामाची वाटणी: ॲडमिशन काउंटर, विमा डेस्क, वॉर्ड. रुग्णाला लेन दिली की ‘डिपॉझिट भरा’ हा चौकोन तिच्यात जातो, आणि मागच्या चौकोनातून निघालेला सलग बाण त्यावर येऊन टेकतो. आकृतीचं म्हणणं मग असं होतं, की काउंटरवरच्या क्लार्कने जसं फाइल बनवायचं काम करायचं, तसंच नातेवाइकाने पैसे भरायचं काम करायचं. पण हॉस्पिटल नातेवाइकाला काम नेमून देऊ शकत नाही, फक्त निरोप देऊ शकतं आणि त्याच्याकडून काही येण्याची वाट पाहू शकतं. रुग्ण आणि नातेवाईक वेगळ्या पूलमध्ये गेले की वाट पाहण्याची ती जागा काढावीच लागते, आणि ती काढताना ‘आलंच नाही तर?’ हा प्रश्न आपोआप पडतो. लेनवाल्या आकृतीत तो कुणालाच पडत नाही.

डबा रिकामा असण्याचं कारणही तेच. नातेवाईक पैसे कुठून उभे करतो, घरी कुणाला विचारतो, हे आपल्याला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. म्हणून तुटक बाण डब्याच्या कडेला टेकतात. विमा कंपनीच्या वतीने अर्ज हाताळणाऱ्या संस्थेचा, म्हणजे टीपीएचा, डबाही याच कारणाने रिकामा आहे.

वॉर्डच्या फोनचा तुटक बाण मी मुद्दामच काढलेला नाही. तुटक बाण म्हणजे मेसेज फ्लो, आणि तो दोन वेगळ्या पूलमध्येच काढायचा, एकाच पूलमधल्या दोन लेनमध्ये नाही, असा नियम आहे. विमा डेस्कचं काम संपल्यावर वॉर्डचं सुरू होतं, हे सलग बाण सांगतोच. मधला फोन हे त्याचं साधन झालं. याला एक अपवाद मात्र तुमच्या कामाचा आहे. मोठ्या हॉस्पिटलात बेड सांभाळणारा विभाग एका रुग्णाच्या दाखल होण्याबरोबर सुरू होऊन संपत नाही, तो दिवसभर सगळ्यांच्या बेडचा हिशेब ठेवत असतो. त्याची प्रक्रिया खरंच वेगळी आहे. त्याला वेगळा पूल दिला तर एकाच इमारतीत असूनही तुटक बाण बरोबर ठरतो.

आता पंचकोन. आकृतीत पूर्वनियोजित शस्त्रक्रियेसाठी कॅशलेसवर दाखल होणारा रुग्ण घेतला आहे. (कॅज्युअल्टीतून येणाऱ्यासाठी ही आकृती नाही. तिथे उपचार आधी, कागद नंतर. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये हे स्पष्ट केलं आहे.) विमा डेस्क आगाऊ मंजुरीचा, म्हणजे प्री-ऑथचा, अर्ज टीपीएला पाठवतो. अर्ज गेल्यावर लगेच तुमचं शंकरपाळं आलं असं धरू: ‘मंजुरी आली का?’

शंकरपाळं म्हणजे गेटवे. गेटवे स्वतः काहीही काम करत नाही आणि वेळही घेत नाही. प्रक्रिया कुठवर आली ते दाखवणारी, बाणांवरून सरकणारी एक कल्पित खूण धरू, ती म्हणजे टोकन. टोकन त्याच्यापाशी आलं की त्या क्षणी हाताशी असलेल्या माहितीवर ते एका वाटेला लागतं. अर्ज 10:05 ला गेला तर टोकन गेटवेपाशीही 10:05 लाच पोचलं. त्या क्षणी उत्तर आलेलं असणं शक्यच नाही, म्हणजे दर वेळी ‘नाही’. मग ‘नाही’च्या वाटेवर आपण ‘थांबा’ असा एक चौकोन टाकतो आणि बाण फिरवून परत शंकरपाळ्यावर आणतो. किती वेळ थांबायचं, कोण थांबतंय, किती फेऱ्या झाल्यावर दुसरं काही करायचं, यातलं काहीच त्यात नसतं. एखाद्या आकृतीत ‘थांबा’ किंवा ‘फॉलोअप’ असा चौकोन आणि त्यातून मागे फिरणारा बाण दिसला, की तिथे घटनेच्या जागी प्रश्न घातला आहे हे बहुतेक वेळा खरं निघतं.

पंचकोनवालं चिन्ह हेही एक गेटवेच, पण ते काही विचारतच नाही. त्यातून निघणाऱ्या बाणांवर अटी लिहायच्या नसतात. प्रत्येक बाणाच्या टोकाला वाट पाहणारी एक घटना असते, जी आधी घडेल तिच्या वाटेने टोकन जातं आणि बाकीच्यांची वाट पाहणं तिथेच रद्द होतं. माझ्या आकृतीत अशा दोन घटना आहेत. पहिली, टीपीएचं उत्तर आलं. दुसरी, नातेवाइकाने निर्णय कळवला. ही दुसरी साध्या शंकरपाळ्यात मावतच नाही. विम्याची वाट बघून कंटाळलेला मुलगा काउंटरवर येऊन ‘राहू द्या, मी रोख भरतो, नंतर क्लेम करीन’ म्हणतो, हे रोजचं आहे. इथे निर्णय हॉस्पिटलचा नाही, बाहेरच्या दोघांपैकी कोण आधी बोलतो यावर पुढची वाट ठरते. दोन्ही तुटक बाण या घटनांच्या, आत लिफाफा काढलेल्या वर्तुळांना टेकतात, गेटवेला नाही. गेटवेला मेसेज फ्लो जोडताच येत नाही.

तुमचं शंकरपाळंही आकृतीत आहे, फक्त लिफाफ्याच्या पुढे. टीपीएचं उत्तर हातात आल्यावर ‘उत्तर काय आहे?’ हा खरा प्रश्न होतो: मंजुरी, नकार किंवा क्वेरी. क्वेरी आली की डेस्क डॉक्टरांकडून माहिती घेऊन खुलासा पाठवतो आणि टोकन परत पंचकोनाकडे जातं. हा फेरा मला खटकत नाही, कारण प्रत्येक फेरीत नवी घटना घडलेली असते. मंजुरी, नकार आणि क्वेरी हे तीन वेगळे लिफाफे करून पंचकोनालाच जोडता आले असते. पण टीपीएकडून येणारं पत्र एकाच जागी येतं आणि आत काय आहे ते वाचल्यावरच कळतं, म्हणून मी लिफाफा एकच ठेवला.

इथे एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या सूचनेशी तिचा थेट संबंध आहे: घड्याळ पंचकोनाला का जोडलं नाही? बऱ्याच नमुना आकृत्यांत ते तिथेच असतं. विमा नियामकाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने लगेच, उशिरात उशिरा 1 तासात निर्णय द्यायचा आहे. म्हणून ‘1 तास’ हा टायमर (`PT1H`) तिसरी घटना म्हणून जोडावा असं कुणालाही वाटेल. तसं केलं तर दोन अडचणी येतात.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. अर्ज 10:05 ला गेला, 10:40 ला क्वेरी आली, खुलासा 11:10 ला गेला. टोकन पंचकोनाकडे परत आलं की टायमर नव्याने सुरू होतो, कारण क्वेरी आली तेव्हाच जुना रद्द झालेला असतो. आता तो 12:10 ला वाजेल. लॉबीत बसलेल्या नातेवाइकाच्या दृष्टीने 2 तास 5 मिनिटं गेली, आणि या काळात आकृतीनुसार कुणीच त्याच्याशी बोललेलं नाही. दुसरी अडचण अशी, की टायमर वाजला की टोकन ‘टीपीएला फोन करा’कडे जातं आणि टीपीएच्या उत्तराची वाट पाहणं रद्द होतं. फोन चालू असतानाच मंजुरी आली तर ती ऐकायला आकृतीत कोणी उरलेलं नाही. कागदावर हे चालून जातं, माणसं समजून घेतात. पण हीच आकृती वर्कफ्लो इंजिनवर चढवली की मंजुरीचा मेसेज कुठल्याच टोकनला जुळत नाही आणि रुग्ण ‘प्रतीक्षेत’च दिसत राहतो.

म्हणून पंचकोन, दोन लिफाफे आणि क्वेरीचा फेरा मी ‘विम्याची प्रतीक्षा’ या एका उपप्रक्रियेत बंद केले आणि टायमर तिच्या कडेवर बसवला. तो तुटक रेषेच्या दुहेरी वर्तुळात आहे. तुटक रेषा म्हणजे आतलं काम न थांबवणारा. 11:05 ला तो वाजतो, एक वेगळं टोकन निघून टीपीएला फोन करतं आणि नातेवाइकाला कुठवर आलं ते सांगतं. आत वाट पाहणं चालूच राहतं. वर्तुळाची रेष सलग काढली असती तर तोच टायमर सगळी प्रतीक्षा मोडून टाकतो. एवढ्याशा रेषेवर अर्थ पालटतो, म्हणून आकृती छापताना फिकट प्रिंटरपासून जपा. हेही लक्षात असू द्या, की हा टायमर हॉस्पिटलच्या पूलमध्ये आहे. तो हॉस्पिटलची प्रतीक्षा मोजतो, विमा कंपनीने नियम पाळला की नाही ते नाही.

राहिला फ्लोचार्ट. तुमच्याकडे तो चालतो यावर माझा विश्वास आहे. नव्या क्लार्कला ओळख करून द्यायला मीही तोच वापरीन. तो कुठे अपुरा पडतो ते मात्र एका जागी लख्ख दिसतं. विम्याची प्रतीक्षा चालू असताना वॉर्डमध्ये बेड राखून तयार केला जातो, म्हणजे अधिकचिन्हाच्या गेटवेने दोन टोकनं निघाली. पुढे दुसऱ्या अधिकचिन्हापाशी दोन्ही पोचली की रुग्णाला वॉर्डात न्यायचं. आता टीपीएने नकार दिला आणि नातेवाईक म्हणाला, आत्ता दाखल करत नाही. विम्याच्या वाटेवर साधं ‘समाप्त’ वर्तुळ काढलं तर ते एक टोकन संपतं. बेडचं टोकन दुसऱ्या अधिकचिन्हापाशी जोडीदाराची वाट पाहत बसतं आणि बेड राखलेलाच राहतो. प्रत्यक्षात याची खूण म्हणजे संगणकावर ‘राखीव’ दिसणारा आणि प्रत्यक्षात रिकामा असलेला बेड. ‘सगळं थांबवा’ हे भरलेल्या ठिपक्याचं समाप्ती-चिन्ह टाकून काहीजण यातून सुटका करून घेतात. त्याने टोकनं मरतात, बेड काही मोकळा होत नाही, कारण तो मोकळा करणं हे काम आहे आणि ते कुणीतरी करावं लागतं.

त्यासाठी दोन्ही वाटा मी ‘दाखल करण्याची तयारी’ या मोठ्या उपप्रक्रियेत ठेवल्या आहेत. नातेवाइकाने माघार घेतली की आतली वाट विजेच्या खुणेच्या समाप्तीवर संपते, कडेवरची तशीच खूण ती पकडते आणि आतलं सगळं थांबवते. तिथून पुढे दोन चौकोन आहेत: बेड मोकळा करा, आणि अर्ज मागे घेतल्याचं टीपीएला कळवा. तुमच्या फ्लोचार्टमध्ये हे दोन चौकोन कुठे आहेत ते एकदा पाहा. सापडले नाहीत तर तो फ्लोचार्ट रुग्णांची नावं काढून मला पाठवा, त्याच्यावरच पुढची आकृती काढू.