‘बाय’ म्हणजे आले, ‘टू’ म्हणजे गेले, आणि हे आत्याला कोण सांगणार?

रविवारी सकाळी सहाला फोन वाजला. जिंतूरजवळच्या गावाहून आत्या. "बाळा, माझे पैसे कोण काढलंय बघ की. फोटो टाकलाय." फोटो उघडला तर पासबुकाचं पान तिरकं, वर अंगठा, आणि रकान्यांची नावं ज्या ओळीत असतात तीच नेमकी अंगठ्याखाली. दिसलं ते एवढं:

```
05-05-25  BY APBS CR      1500.00   6312.00
12-05-25  TO ATW          2000.00   4312.00
27-05-25  TO PMJJBY        436.00   3876.00
27-05-25  TO PMSBY          20.00   3856.00
30-05-25  TO SMS CHG        17.70   3838.30
```

मशीनची शाई एवढी फिकट की 3 आणि 8 सारखेच. तिचा नातू आठवीत आहे, त्यानं घरीच भाषांतर करून ठेवलेलं. ‘बाय’ म्हणजे ‘ने’, ‘टू’ म्हणजे ‘ला’, ‘बॅलन्स’ म्हणजे ‘संतुलन’. म्हणजे एपीबीएस नावाच्या कुणीतरी आत्याचे दीड हजार नेले, आणि दोन हजार एटीडब्ल्यू नावाच्या माणसाला दिले. पोराचा काय दोष? शाळेत शिकवलं तसंच केलं त्यानं!

आता मी फोनवर हिशोबाची शिकवणी घ्यायची. जुन्या खतावणीची रीत अशी की नावेच्या, म्हणजे खात्यातून गेलेल्या रकमेच्या नोंदीपुढं ‘टू’ लावायचं आणि जमेच्या नोंदीपुढं ‘बाय’. त्या दोन शब्दांना तिथं ‘ला’ नि ‘ने’ असा अर्थच नाही, त्या नुसत्या खुणा आहेत. ‘बाय’ दिसलं की खात्यात आले, ‘टू’ दिसलं की गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कारकुनाची खूण परभणी जिल्ह्यातल्या बाईच्या पासबुकात अजून छापतात, आणि वर तिलाच म्हणतात, "शिकून घ्या की!"

मी म्हणलो, आत्या, अक्षरं सोड, शेवटचा रकाना बघ. आधीच्या ओळीत 6312, खालच्या ओळीत 4312. कमी झाले का? मग गेले. त्याच्या आधीच्या पानावर शेवटी 4812 होते, त्यात दीड हजार मिळवले की 6312 होतात. म्हणजे ते दीड हजार आले, कुणी नेले नाहीत. मथळा फोटोत कापला गेला तरी ही बेरीज-वजाबाकी खोटं बोलत नाही. 3 आहे का 8 हे कळत नसलं तरी ह्याच वजाबाकीनं कळतं. तिला ते झटक्यात कळलं. मोंढ्यात आडत्याशी हिशोब करून म्हातारी झालेली बाई आहे ती, तिला आकडे कळत नाहीत असं कोण म्हणलं?

एपीबीएस म्हणजे आधारवरून पैसे जमा करायची व्यवस्था. तो तिचा लाडक्या बहिणीचा हप्ता होता. हे तीन-चार अक्षरी कोडं छापण्यापेक्षा ‘सरकारी अनुदान, आधारवरून जमा’ एवढं छापायला काय धाड भरली होती? एटीडब्ल्यू म्हणजे एटीएममधून काढलेले. ते तिनंच नातवाला पाठवून काढवले होते, लग्नाच्या आहेराला. विसरली होती.

खरा राग मला 436 चा आला. आत्या म्हणली, "हे चारशे छत्तीस दर वर्षी मे महिन्यात कुणीतरी कापायलंय, बंद करून टाक." बंद? अगं, तो जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. काही बरंवाईट झालं तर वारसाला 2 लाख मिळतात. आणि 20 रुपयांचा तो अपघात विम्याचा. दोन्ही मेअखेरीस आपोआप कापले जातात, कारण विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. आत्या 53 ची आहे. जीवनज्योतीचं संरक्षण 55 पर्यंतच, आणि नव्यानं घ्यायला वय 50 च्या आत लागतं. म्हणजे आज रागाच्या भरात बंद केला असता तर परत मिळेल याचा नेम नव्हता. हे तिला कधी माहीत होतं? कुठल्यातरी शिबिरात अंगठा घेतला, झालं. खातेदार मेला तर घरच्यांनी ह्या ओळीवरूनच ओळखायचं की विमा होता. पण ओळ वाचणार कोण? पीएमजेजेबीवाय! हे बोलताना जिभेला गाठ पडते.

17 रुपये 70 पैसे म्हणजे एसएमएसचे 15 आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे 2 रुपये 70. तो एसएमएससुद्धा इंग्रजीतच येतो, हे वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात मामांनी फोन ओढून घेतला. त्यांचं पीककर्जाचं पासबुक. "माझ्या खात्यात एक लाख अठरा हजार शिल्लक दिसायलेत, मग मॅनेजर देत का नाही?" फोटो मागवला. आकड्यापुढं बारीक अक्षरात ‘डीआर’. मामा, शिल्लकीपुढं ‘सीआर’ असेल तर पैसे तुमचे, ‘डीआर’ असेल तर तुम्ही बँकेला देणं लागता. पीककर्जाच्या खात्यावर रोख भरली की हा आकडा कमी होतो. कमी झाला म्हणजे चांगलं. मामा थोडा वेळ गप्पच बसले.

आणि ज्या पानावर मराठी आहे तिथं काय दिवे लावलेत? मथळ्यात एका बाजूला ‘नावे’, दुसरीकडं ‘जमा’. शब्द अस्सल आहेत, आडत्याचा मुनीम तेच लिहितो. पण आत्याचा नातू वाचतो ‘नावे 2,000’ आणि म्हणतो, आज्जीच्या नावे दोन हजार आले! नवीन पिढीला खतावणीतलं ‘नावे’ ठाऊकच नाही. दुसऱ्या एका बँकेत ‘आहरण’ छापलंय. आहरण! सीताहरणाशिवाय आपल्याकडं हरण कुठं ऐकलंय कुणी? ‘काढले’ आणि ‘भरले’ लिहिलं तर बँकेची इभ्रत जाते काय?

बरं, नियम नाहीत असंही नाही. पासबुकासकट ग्राहकाच्या हातात जाणारं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत असावं, हे रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय. न कळणाऱ्या नोंदी टाळा, हेही सांगितलंय. 22 जून 2017 च्या परिपत्रकात तर शुल्क कापलं तर कशाचं आणि का, ते थोडक्यात लिहा, असं बजावलंय. मग झालं काय? मुखपृष्ठावर मराठीत बँकेचं नाव, आत मशीन ओकतंय तेच.

सोमवारी मुद्दाम गावी गेलो. आत्याच्या पासबुकाच्या आतल्या कव्हरवर निळ्या पेनानं मोठ्या अक्षरात लिहून दिलं: बाय म्हणजे आले, टू म्हणजे गेले, सीआर आपले, डीआर देणं, 436 आणि 20 विम्याचे. मग तिला घेऊन शाखेत गेलो, सुरुवातीची दोन पानं मशीननं छापलीच नव्हती म्हणून. खिडकीतल्या साहेबानं पासबुक उघडलं, माझं अक्षर बघितलं आणि कपाळाला आठी घालून म्हणला, "पासबुकावर काहीबाही लिहायचं नसतं."