टँकरचा निरोप आणि सकाळची यादी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "दिवसातून एकच यादी ही तुमची कल्पना आमच्या सोसायटीत करून पाहिली. मंगळवारी सकाळी अकराला कळलं की बुधवारी आठला टँकर येणार. तो निरोप बुधवारच्या यादीत गेला, बहुतेकांनी टँकर गेल्यावर वाचला. आता तर यादी कोणी उघडतही नाही. सुटे निरोपच बरे."

टँकरच्या बाबतीत चूक माझ्या लेखाची आहे. सोसायटीचे निरोप दिवसभर सुटे न पाठवता रोज सकाळी एकाच यादीत मेल करावेत, असं मी त्यात सुचवलं होतं; पण यादीत काय जाऊ नये, हेही स्पष्ट लिहायला हवं होतं.

ही यादी आपोआप मेल करायला आम्ही गूगल शीट आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट वापरतो. स्क्रिप्ट ठरल्या वेळी सुरू करणारा त्यातला रोजचा ट्रिगर सकाळी सहाचा लावला, तरी तो सहा ते सातच्या दरम्यान केव्हाही चालतो. शिवाय मेल आला म्हणजे तो वाचला गेला असं नसतं. आमच्याकडे निम्मी घरं नऊनंतरच मेल बघतात. म्हणून आम्ही हद्द उद्या सकाळी दहाची धरतो. काम त्याआधीचं असेल तर निरोप लगेच, सुटा जातो, नंतरचं असेल तर यादीत. तुमचा टँकर बुधवारी आठचा, म्हणजे निरोप मंगळवारी अकरालाच जायला हवा होता. बुधवारी रात्री आठची मीटिंग मात्र बुधवारच्या यादीत खुशाल जाऊ दे. ही तपासणी शीटमध्ये नोंद होते त्याच क्षणी व्हावी लागते. रात्री एकदाच केली, तर त्याच दिवशी दुपारी येणारा प्लंबर हमखास सुटतो. औषधाच्या वेळेसारख्या गोष्टी तर यादीत कधीच घालू नयेत.

आता यादी न उघडण्याचं. तुमच्या यादीत मेंटेनन्सची ओळ किती दिवस रोज येत होती, ते पाहा. आमच्याकडे ती सलग वीस दिवस होती. रोज तीच आठ वाक्यं दिसली की नववं, नवं वाक्य नजरेतून निसटतं. म्हणून आता प्रत्येक काम तीनदाच दिसतं: सात दिवस आधी, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी. ज्यांनी मेंटेनन्स भरला त्यांच्या मेलमधून ती ओळ निघून जाते. त्यासाठी प्रत्येक घराला वेगळा मेल करावा लागतो. कष्ट वाढतात, पण माझ्या मते खरा फरक यानेच पडला. विषयाच्या ओळीतही "आजची यादी" न लिहिता पहिलं काम लिहितो: "आज ११ ते १ लिफ्ट बंद, आणखी २ कामं".

काही नसेल त्या दिवशी रहिवाशांना मेल जातच नाही. सेक्रेटरी आणि मला मात्र "आज काही नाही" एवढी ओळ येते. सव्वासातपर्यंत यादीही नाही आणि ती ओळही नाही, तर स्क्रिप्ट अडकली आहे हे कळतं. मग त्या दिवशीची कामं आम्ही हातानेच ग्रुपवर टाकतो.