खो-खोचं समालोचन: स्क्रिप्ट आधी लिहा, सामना नंतर बघू

तालुक्याच्या मैदानावर खो-खोचा सामना आहे, आपल्या सामुदायिक रेडिओवरून थेट समालोचन करायचं आहे आणि ते काम तुमच्या गळ्यात पडलंय. अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे आदल्या रात्री चौदा पानी स्क्रिप्ट लिहून काढणं. सामना उद्या आहे, त्यात काय होणार हे माहीत नाही, या क्षुल्लक गोष्टीने हात आखडता घेऊ नका. उपमा आजच सुचतात.

सुरुवात इतिहासाने करा. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खेळाचे नियम बांधले, तिथून संथपणे निघा. वाटेत 'मातीतला खेळ', 'रांगडी मनगटं' आणि 'खान्देशची काळी आई' ही तीन स्टेशनं घ्या. एवढं होईपर्यंत मैदानात पहिले दोन गडी बाद झालेले असतात. हरकत नाही, ते आपल्याला विचारून बाद झालेले नसतात.

मुख्य अडचण नीट समजून घ्या, म्हणजे ती आणखी वाढवता येईल. क्रिकेटमध्ये चेंडू पडतो, गोलंदाज परत चालत जातो, तेवढ्यात समालोचक चहाचा घोट घेतो. खो-खोत असली सोय नाही. पाळी नऊ मिनिटांची आणि तिच्यात दर दोन-तीन सेकंदांना खो. सावकाश बोलणारा माणूस नऊ मिनिटांत हजार-बाराशे शब्द बोलतो. म्हणजे हा लेख मोठ्याने वाचलात तर एक पाळी संपेल. तेव्हा प्रत्येक खोचं वर्णन करायचंच, असा निर्धार करा: "खो दिला, पुन्हा खो, आणि हा खो, आणि लगेच दुसरा खो!" श्रोत्याला वाटेल कुणाला तरी डांग्या खोकला झालाय.

आता एका धोक्याबद्दल सावध करतो. आमच्याकडे एक क्रीडाशिक्षिका आहेत. त्यांच्या शेजारी चुकूनही बसू नका. त्या स्क्रिप्ट आणतच नाहीत. आणतात एक पुठ्ठा, त्याला चिमट्याने लावलेला आडवा कागद, गळ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच आणि दोन पेन्सिली. कागद बहुतेक कोरा. असल्या तयारीच्या माणसाला तुमच्या चौदा पानांची किंमत काय कळणार?

त्यांचा कागद एकदा डोळ्यांखालून घातलाय, म्हणून सांगतो. वर मैदानाचं चित्र: मधली पाटी, तिच्यावर आठ चौकोन, दोन टोकांना दोन खांब. चौकोनांना डावीकडून एक ते आठ आकडे. आणि खांबांना नावं! डावा 'स्टँडकडचा खांब', उजवा 'जिनिंगकडचा खांब'. का, तर म्हणे रेडिओवर डावं-उजवं दिसत नाही, पण बसस्टँड कुठे आणि जिनिंग कुठे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "सात नंबर जिनिंगकडे पळतोय" म्हटलं की घरात निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून बाईसुद्धा त्या बाजूला मान वळवते. तुम्ही मात्र 'त्या टोकाला', 'पलीकडच्या अंगाला' असंच म्हणा. गूढता टिकते.

चित्राखाली पळणाऱ्या संघाचे नऊ गडी, तीन-तीनच्या तीन तुकड्यांत. नावं नाहीत, आधी बनियनवरचे नंबर, नाव त्यापुढे बारीक अक्षरात. धावपळीत पाठीवरचा आकडा दिसतो, चेहरा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. एखादा बाद झाला की नंबरावर काट आणि शेजारी घड्याळातली वेळ. संपलं. हीच म्हणे त्यांची स्क्रिप्ट.

आणि या कागदाच्या जिवावर बाई दर अर्ध्या मिनिटाला, शिवाय प्रत्येक गडी बाद झाल्यावर, एकच वाक्य बोलतात. त्यात चारच गोष्टी: कितवी पाळी, किती मिनिटं झाली, किती टिपले, मैदानात किती उरले. "पहिली पाळी. साडेचार मिनिटं. गावाने चार टिपले. मैदानात दोघं." तेच ते, तेच ते. कंटाळा कसा येत नाही? विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, ऐकणारा एकदम सुरुवातीला येऊन बसत नाही. एक जण दूध घालून येतो, एकाची मोटार आत्ता बंद झाली. तो आला त्या क्षणाला त्याला सामना कळला पाहिजे." घ्या. म्हणजे तुमचं इतिहासाचं पान ऐकायला जो वेळेवर हजर होता, त्याची काही कदरच नाही.

त्यांची दुसरी खोड आणखी वाईट. शिट्टी वाजण्याआधी त्या कुणालाही बाद करत नाहीत. पोरगा सूर मारतो, हात लागल्यासारखा वाटतो, प्रेक्षक उठतात, आणि बाई? "हात गेला... शिट्टीची वाट बघू." कारण देतात की पाठलाग करणाऱ्याकडून त्याच वेळी फाऊल झालेला असू शकतो. बसलेला खो मिळायच्या आधी उठला किंवा धावणारा मधली पाटी ओलांडून गेला, तर त्या चुकीच्या जोरावर टिपलेला गडी बाद धरत नाहीत. फाऊलची शिट्टी चूक सुधारेपर्यंत तुटक तुटक वाजत राहते, ती कानाने ओळखता येते. तुम्ही कशाला कान द्यायचे? खुशाल "बाद!" म्हणून ओरडा. मग पंचाने नाही म्हटलं की "बाद नाही बरं का मंडळी" म्हणा. असं चारदा झालं की श्रोता स्वतःच ठरवायला लागतो, आणि श्रोत्यांचा सहभाग वाढवा असं आपल्याला प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलेलंच आहे.

नियम समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. बाई सामन्याआधी फक्त एवढं सांगतात की आठ जण आलटून पालटून उलट्या दिशांना तोंड करून बसलेत, पळणाऱ्याला त्यांच्यामधून आरपार जाता येतं, पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा ज्या खांबाची दिशा धरली तिकडून मागे फिरता येत नाही. म्हणून गडी पलीकडे निसटला की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यावा लागतो. एवढ्यावर श्रोत्याला पुढची नऊ मिनिटं प्रत्येक खो का पडला ते आपोआप कळतं. सगळं त्यालाच कळलं तर मग समालोचक काय झक मारायला बसवलाय?

मध्येच त्या गप्पही बसतात. थेट प्रक्षेपणात! एक जादा माईक बांबूला बांधून मैदानाच्या आखणीबाहेर मधल्या पाटीच्या समोर लावून घेतात आणि पाच-सात सेकंद नुसता 'खो... खो...' आणि पायांचा आवाज जाऊ देतात. खो लागोपाठ पडायला लागले की पळणारा कोंडीत सापडलाय हे म्हणे ऐकूनच कळतं. तुम्ही ती जागा विशेषणांनी भरा. 'चित्त्याची चपळाई' अजून वापरली नसेल, तर हीच वेळ.

आता प्रत्यक्ष उदाहरण. सामना गाव विरुद्ध प्लॉट, म्हणजे जुनी वस्ती विरुद्ध नवी. पहिल्या पाळीत गावाने आठ गडी टिपले. दुसऱ्या पाळीत प्लॉटवाल्यांनी सहा. तिसऱ्या पाळीत गावाने आणखी सात, म्हणजे एकूण पंधरा. आता शेवटची पाळी, पाठलागावर प्लॉट. बाईंच्या कागदावर ती सुरू होण्याआधीच कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "9 बरोबरी, 10 जिंक." आणि पाळी सुरू झाल्यावर त्यांच्या त्या कंटाळवाण्या वाक्याला पाचवी गोष्ट चिकटते: अजून किती हवेत. "चौथी पाळी. सात मिनिटं. प्लॉटने आठ टिपले. मैदानात एकटा अकरा नंबर. जिंकायला दोन."

एवढ्याने गावभर जे व्हायचं ते होतं. पानटपरीवर चुना हातातच राहतो. कुणीतरी अहिराणीत विचारतो, "किती टाईम राह्यना?" आणि दुसरा त्याला गप्प करतो, कारण बाई सांगणारच आहेत.

तुम्ही हे असलं काही होऊ द्यायचं नाही. सात मिनिटं झाली की बर्लिनला चला. 1936च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे खो-खोचं प्रात्यक्षिक झालं, हा परिच्छेद अकराव्या पानावर आहे आणि तो अजून वाचायचा राहिलाय. इकडे तो अकरा नंबर स्टँडकडच्या खांबाला वळसा घालतोय, हूल देतोय, एक मिनिट खेचतोय. खेचू द्या. त्याची तयारी वेगळी, आपली वेगळी.

आठ मिनिटं वीस सेकंदांवर तो बाद. नऊ झाले, बरोबरी. नऊही गडी संपले, म्हणजे गावाची पहिली तुकडी पुन्हा मैदानात: दोन, नऊ आणि चार नंबर. तिघं ताजेतवाने, हातात चाळीस सेकंद. आणि यात एक मेख आहे, जी बाई हमखास सांगतात. ज्याने तुकडीतला शेवटचा गडी टिपला त्याला नव्या तुकडीच्या मागे थेट धावता येत नाही, त्याने आधी खो द्यायचा. म्हणजे चाळीसातले दोन-तीन सेकंद तिथेच जाणार. शिवाय तो जिनिंगकडच्या खांबाजवळ असेल आणि तुकडी स्टँडकडून शिरत असेल, तर आणखी दोन-तीन.

असे हिशेब ऐकवून म्हाताऱ्याकोताऱ्यांचं रक्त कशाला आटवायचं? त्यापेक्षा जाहिरात लावा. दोन पाळ्यांच्या मध्ये विश्रांती असते, जाहिरातीसाठी ती जागा आयतीच मोकळी आहे, म्हणून तर तिथे लावायची नाही. केळीच्या रोपांची ती पंचेचाळीस सेकंदांची, जिच्यात शेवटी सासरे जावयाला रोपं भेट देतात, ती बरोबर बसते. वर पाच सेकंद उरतात, त्यात शिट्टी आणि आरडाओरडाही झाकला जातो.

जाहिरात संपली की चौदावं पान वाचा, 'आभार'. मंडपवाले, पाण्याच्या जारवाले, मैदानावर फक्की मारणारे, कुणी राहता कामा नये. आभार चालू असतानाच स्टुडिओतला फोन वाजायला लागेल. उचलणारं पोरगं नवीन आहे, त्याला आधीच बजावून ठेवा. पलीकडून एकच प्रश्न येणार, "कोन जितनं रे भो?" आणि त्याने आदबीने सांगायचं की काका, आता भजनाची वेळ झाली.