फाइल कोणत्या टेबलावर आहे?

"पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवतो," असं नोकरीच्या शेवटच्या मुलाखतीनंतर एचआरच्या मॅडम म्हणाल्या आणि मी वेड्यासारखा खरंच शुक्रवार धरून बसलो.

खरं तर हे वाक्य मी आवाजावरून ओळखायला हवं होतं. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका ऑफिसात मी अकरा वर्षं अकाउंट्सला आहे आणि माझा अर्धा पगार मला हेच वाक्य बोलण्याचा मिळतो. सप्लायरचा फोन आला, की "शुक्रवारपर्यंत होऊन जाईल" म्हणायचं. कोणता शुक्रवार ते आपण सांगत नाही आणि समोरचाही लाजेकाजेस्तव विचारत नाही. पण मुलाखत ही आपली असते, बिल दुसऱ्याचं असतं.

जागा होती असिस्टंट मॅनेजर, अकाउंट्स. ऑफिस मिहानमध्ये. पहिली फेरी फोनवर, दुसरीत जीएसटीचं रिकन्सिलिएशन आणि टीडीएस यांवर तासभर घासाघीस, आणि 8 मे रोजी शेवटची फेरी थेट फायनान्स हेडबरोबर. ती इतकी छान झाली की त्यांनी मला चहा विचारला. घरी आल्यावर मी चहाचं सांगितलं, आणि आईने संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी करून टाकली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या, "मग, पार्टी कधी देऊन राहिले?"

16 तारखेचा शुक्रवार उजाडला. मी ऑफिसातून लवकर निघून घरी आलो, कारण ऑफिसात असा फोन घ्यायचा म्हणजे पार्किंगमध्ये जाऊन पंचेचाळीस डिग्रीत उभं राहायचं. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी येते आणि मे महिन्यात नागपूरच्या खिडकीत कुलर असतो. म्हणून फोन कुलरच्या डोक्यावर ठेवला. आता आमचा कुलर जुना. त्याचा पंप सुरू झाला की अख्खी पेटी थरथरते. फोनही व्हायब्रेटवर. त्यामुळे दर दहा मिनिटांनी मला फोन येत होता आणि उचलायला गेलो की पंप असायचा. सहा वाजता खरंच फोन आला. नंबर 140ने सुरू होणारा. एका मुलीने मला अत्यंत आदराने पर्सनल लोन पाहिजे का म्हणून विचारलं. नोकरी बदलतोय की काय, असंही विचारलं. मी तिला जवळजवळ सगळं सांगणार होतो.

शनिवार-रविवार मी मेलबॉक्स उघडत-मिटत काढला. स्पॅमसुद्धा चाळलं.

सोमवारी सल्ले सुरू झाले. सगळ्यात तयार सल्ला माझ्या मेहुण्याचा. "भाऊजी, सरळ सांगून द्या ना, दुसरी ऑफर हातात आहे म्हणून. धावत येतात बघा." हा उपाय ऐकायला मस्त आहे, पण त्याची दुसरी बाजू मला माझ्या खुर्चीवरून दिसते. "दुसऱ्याला माल देतो" असं आम्हाला कोणी धमकावलं, तर आम्ही आनंदाने "द्या" म्हणतो आणि आमची एक फाइल कमी होते. इथेही मॅडम म्हणणार, "अभिनंदन, मग घेऊन टाका." आणि "बरं, ऑफरची प्रत पाठवता का, आम्ही जुळवून पाहतो" असं म्हणाल्या तर? दुसरी ऑफर खरंच असेल आणि तिला उत्तर द्यायची तारीख असेल, तर ती तारीख सांगणं हा सगळ्यात भारी फॉलोअप. पण माझ्याकडे त्या आठवड्यात फक्त लोनची ऑफर होती.

मित्राने आणखी पुढची युक्ती सांगितली. फायनान्स हेडचा नंबर तो काढून देणार होता. "डायरेक्ट बोल ना बे, त्यानेच तर चहा पाजला तुला." पण आमच्या ऑफिसात जो सप्लायर मला टाळून साहेबांच्या केबिनमध्ये जातो, त्याच्या बिलाचं काय होतं ते मला माहीत आहे. साहेब गोड बोलतात, मग मला बोलावून विचारतात, "काय आहे हे?" आणि मी खाली येऊन ते बिल गठ्ठ्याच्या पार तळाशी ठेवतो. माझ्यात दुष्टपणा नाही, फक्त हात आपोआप तसा जातो. मॅडमनाही हात असतीलच. त्यांनी दोन-तीन वेळा उत्तरच दिलं नसतं, तर गोष्ट वेगळी होती.

शेवटी मला आठवले महाल भागातले आमचे स्टेशनरीवाले काकाजी. आमच्याकडे पैसे वेळेवर निघतात ते फक्त त्यांचे. बाकीचे रोज फोन करतात, रागावतात, गोड बोलतात, कोणी सणाला मिठाईचा डबा आणून देतात. काकाजी यातलं काहीच करत नाहीत. तारीख उलटली की एक-दोन दिवस जाऊ देतात. सोमवारी येत नाहीत, कारण सोमवारी आमचं डोकं जाग्यावर नसतं. मंगळवारी सकाळी येतात, बिलाची प्रत माझ्यासमोर ठेवतात, म्हणजे मला शोधावी लागत नाही. आणि एकच प्रश्न विचारतात, "साहेब, फाइल कोणत्या टेबलावर आहे?"

"बिल झालं का?" याला "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर तोंडातून घरंगळतच बाहेर पडतं. पण "कोणत्या टेबलावर" म्हटलं की मला टेबल सांगावं लागतं. आणि एकदा टेबल सांगितलं, की तारीखही सांगावी लागते.

मी त्या रात्री मेल लिहायला घेतला. पहिला मसुदा दीड पानाचा झाला. त्यात माझा अनुभव होता, कंपनीबद्दल आदर होता आणि शेवटी थोडा अपमानही होता. बायकोने वाचला. "अहो, नोकरी मागून राहिले की घटस्फोट?" मग ती एकेक ओळ खोडत गेली. जे उरलं ते मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पाठवलं. नवा मेल नाही, मुलाखतीच्या वेळापत्रकाचा जो मेल त्यांनीच पाठवला होता त्यालाच उत्तर, म्हणजे मी कोण, कोणती जागा, हे खालीच दिसेल. मेल अर्थात इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर एवढाच:

"नमस्कार मॅडम. असिस्टंट मॅनेजर, अकाउंट्स या जागेसाठी 8 मे रोजी माझी शेवटची फेरी झाली. 16 मेपर्यंत निर्णय कळेल असं आपण म्हणाला होतात. सध्या तो कोणत्या टप्प्यावर आहे आणि साधारण कोणत्या तारखेपर्यंत कळेल, एवढं सांगाल का? माझ्याकडून काही कागद हवे असतील तर आजच पाठवतो."

बुधवारी उत्तर आलं: "पॅनेलचा अभिप्राय चांगला आहे. अप्रूव्हल सुरू आहे. पुढच्या आठवड्यात कळवतो."

आई म्हणाली, "चांगला आहे म्हणते ना ती, मग देऊन टाक राजीनामा." मी मात्र ते उत्तर बिलासारखं वाचायला घेतलं. शेवटच्या फेरीनंतर चार टेबलं असतात. मुलाखत घेणाऱ्यांचा अभिप्राय, मग एचआरची पगाराची आकडेमोड, मग या जागेचा पैसा बजेटमध्ये आहे की नाही ते बघणारं फायनान्स, आणि वरची सही. पहिलं टेबल सुटलं हे मॅडमनी सांगितलं. पण दुसरं सुटलं असतं, तर माझ्याकडे गेल्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 मागितला असता. तुमचा सध्याचा आकडा कागदावर पाहिल्याशिवाय पगार बसवायचा कसा? कागद मागितले नव्हते. म्हणजे माझी फाइल तिथे पोचलीच नव्हती. आणि अभिप्राय चांगला असूनही फाइल हलत नाही, याचा अर्थ त्या टेबलावर आधीच कुणाची तरी दुसरी फाइल उघडी होती.

हे उमजल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही, मग एकदम भूक लागली. मी दोन नंबरचा होतो. दोन नंबरच्या माणसाला कोणी नकार कळवत नाही, कारण एक नंबरने सही करेपर्यंत त्याची गरज असते. त्याला होकारही देता येत नाही. म्हणून मॅडम गप्प. आमच्याकडेही दोन कोटेशन आली की महागवाल्याला आम्ही "बघून सांगतो" म्हणतो आणि स्वस्तवाल्याचा माल गोदामात पडेपर्यंत खरंच बघतच बसतो.

मग नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. पुढचा आठवडाही संपत आला. 29 तारखेला मी त्याच मेलखाली दोन ओळींचं आणखी एक उत्तर टाकलं, फक्त नवी तारीख विचारली. उत्तर नाही. त्यानंतर मी ठरवलं की आता गप्प बसायचं आणि दुसरीकडे दोन अर्ज टाकायचे. आईने टेकडीच्या गणपतीला एक चक्कर मारली. तिच्या दृष्टीने हाही फॉलोअपच.

3 जूनला, नवतपा संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी साडेअकराला फोन वाजला. नंबर 140चा नव्हता. मी पार्किंगकडे निघणार, तेवढ्यात समोर काकाजी येऊन बसले होते. मंगळवार होता. त्यांना हाताने "एक मिनिट" म्हटलं आणि जागेवरच फोन घेतला.

"तुमचा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे ना? तो पंचेचाळीसवर येईल का?" मॅडमनी विचारलं.

नोटीस पिरियड विचारला, म्हणजे एक नंबरवाला गेला. बहुधा आमची ऑफर दाखवून त्याने जुन्या ठिकाणीच पगार वाढवून घेतला असावा. बिचाऱ्याला मी मनातून आशीर्वाद दिला. "प्रयत्न करतो मॅडम, पण लेटर हातात आल्यावरच राजीनामा देईन," असं मी हळू आवाजात म्हणालो. त्या म्हणाल्या, "हो हो, तसंच करा. सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 आजच पाठवा. लेटर पुढच्या बुधवारपर्यंत येईल."

"म्हणजे 11 तारखेला ना?"

पलीकडे क्षणभर शांतता. "हो... 11."

"आणि मॅडम, सध्या फाइल कोणत्या टेबलावर आहे?"

त्या हसल्या. म्हणाल्या, माझ्याच टेबलावर आहे, कागद आले की फायनान्सला, मग सही. मी फोन ठेवला. समोर काकाजी शांतपणे बिलाची प्रत माझ्याकडे सरकवत होते.

"साहेब," ते म्हणाले, "आपलं कोणत्या टेबलावर आहे?"

मी गठ्ठा उचलला. त्यांचं बिल माझ्याच पेपरवेटखाली होतं.