परिणाम : काही नाही

आमच्या इंदूरच्या ऑफिसात दर गुरुवारी चेंज कंट्रोल बोर्ड बसतं. सॉफ्टवेअरमध्ये टाचणीएवढं काही बदलायचं तरी आधी अर्ज, मग उलटतपासणी, मग निर्णय. त्या निर्णयांची नोंदवही माझ्या गळ्यात आहे, कारण अक्षर बरं असलेल्या माणसाचं ऑफिसात दुसरं काही होत नाही.

मागच्या गुरुवारचा अर्ज अगदी गरीब दिसत होता. बदल : पत्त्याचा रकाना 60 अक्षरांवरून 120. परिणाम : काही नाही. रोलबॅक : पूर्ववत करू. प्रकार : तातडीचा.

मागणी रास्त होती. 'लोकमान्य नगर, गणपतीच्या देवळासमोरची गल्ली, डॉक्टरांच्या वाड्यामागचं पिवळं फाटक' याला आमच्याकडे पत्ता म्हणतात. पण डेटाबेस काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजतो, त्यामुळे हा पत्ता 'डॉक्टरांच्या वाड्' इथे तुटतो. पुढचं डिलिव्हरीवाल्याचं नशीब.

"भिया, सेवा बंद पडलीय का?" अध्यक्षांनी विचारलं. नाही. मग तातडीचा खोडून 'सामान्य' लिहिलं. क्लायंटचा चढलेला आवाज हा तातडीचा निकष नाही, हे दर आठवड्याला नव्याने सांगावं लागतं.

मग डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए ताईंनी चष्मा वर केला. डेटाबेस मायएसक्यूएल, अक्षरसंच `utf8mb4`, म्हणजे एका अक्षराला जास्तीत जास्त 4 बाइट. 60 अक्षरांचे 240, 120 चे 480. मध्ये 255 ची वेस आहे. वेशीच्या आत मजकुराची लांबी एका बाइटात मावते, बाहेर दोन लागतात. म्हणून वेस ओलांडली की अख्खं टेबल नव्याने लिहावं लागतं आणि तोवर त्यात नवी नोंद होत नाही. 'काही नाही' म्हणजे एवढं!

"मग 63 करा ना," सपोर्टचे दादा म्हणाले, "252 होतात, आतच राहतं." भाजीवाल्याकडे हिशेब चालावा तसा हिशेब चालला, पण तीन अक्षरांत 'वाड्यामागचं'सुद्धा पुरं होईना.

खरी मेख रोलबॅकमध्ये निघाली. नव्वद अक्षरांचे पत्ते एकदा आत शिरले की रकाना परत 60 चा करता येत नाही. डेटाबेस अडून बसतो, किंवा नियम सैल ठेवले असतील तर शेपट्या कापून टाकतो. म्हणून ठरलं, आधी फक्त रकाना वाढवायचा. फॉर्मवरची 60 ची मर्यादा लेबलची छपाई तपासल्यावरच उठवायची. तोवर माघार शक्य, नंतर नाही.

मी नोंदवलं : 'सशर्त मंजूर. टेबलाच्या प्रतीवर आधी चालवून लागणारा वेळ मोजावा. रविवारी पहाटे 2 वाजता करावे. फॉर्मसाठी वेगळा अर्ज.' निर्णय, कारण, अटी, तारीख, सगळं बसलं. राहिला शेवटचा रकाना, 'पहाटे हजर कोण'. तिथे आलो तेव्हा बोर्डातल्या सगळ्यांनाच दुसरी मिटिंग आठवली होती.